उकड्या तांदळात जीवनसत्त्व उरतेच कसे?

शुभ्रकण: साळ भिजवायची, वाफवायची आणि शेवटी कोंडाही काढून टाकायचा, एवढे सोसलेल्या उकड्या तांदळात जीवनसत्त्व उरते, हे मला पटत नाही. खायचाच तर असडी खावा, नाहीतर सरळ पांढरा.

साळवंत: हे वाचून राहवले नाही. भिजवणे आणि वाफवणे तूस अंगावर असतानाच होते, आणि सारे मर्म तिथेच आहे. थायमिन मुख्यतः कोंड्यात, अंकुरात आणि अंकुराला लागून असलेल्या पापुद्र्यात असते. म्हणून कच्ची साळ सडून पॉलिश केली की त्यातले बहुतेक कोंड्याबरोबरच जाते. तीच साळ गरम पाण्यात काही तास भिजली, तर पाण्यात विरघळणारे हे जीवनसत्त्व आत झिरपते आणि वाफेने गाभ्यातील पिष्ट चिकटून घट्ट झाले की तिथेच अडकते. दाणा मोडून पाहा: नीट उकडलेला आरपार काचेसारखा दिसतो, मध्ये पांढरा ठिपका राहिला असेल, तर वाफ कमी पडली आहे.

शुभ्रकण: थायमिन उष्णतेने नष्ट होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

साळवंत: गाळलेले नाही, थोडे नष्ट होतेच. पण पॉलिशमध्ये जाते त्यापुढे ते किरकोळ आहे. 1905 च्या सुमारास क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी एका गटाला पांढरा आणि दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला. पांढऱ्याच्या गटात थायमिनच्या अभावाने होणारा बेरीबेरी पसरला आणि माणसे दगावली. उकड्याच्या गटात तो जवळपास दिसलाच नाही.

शुभ्रकण: दोष त्या इमारतीचाही असू शकेल.

साळवंत: हीच शंका त्यांनाही होती, म्हणून त्यांनी मध्येच दोन्ही गटांच्या इमारती बदलल्या. आजार इमारतीत थांबला नाही, तो तांदळामागे गेला.

रोजचीचूल: तुमचे वाद चालू द्या, माझ्या सासूबाई तांदूळ पाणी नितळ होईपर्यंत धुवायला लावत, आणि शिजवतानाचे जादा पाणीही ओतून द्यायला सांगत. वीस वर्षे मी तेच केले. मग दोष गिरणीचा की माझा?

साळवंत: दोघांचाही. पांढऱ्या तांदळात उरलेले थोडे थायमिन वरच्या थरातच असते, त्यामुळे पहिल्याच पाण्यात बरेच निघून जाते. उकड्याचे आत मुरलेले असते, म्हणून धुण्यात त्याचे नुकसान कमी होते. ओतून दिलेल्या पाण्यात मात्र दोन्हींचे जाते.

रोजचीचूल: पण न धुता शिजवायचे म्हणजे धूळ खायची का? हे सांगणाऱ्यांनी एकदा तरी तांदूळ निवडला आहे का?

साळवंत: ताई, धुऊ नका असे मी म्हटलेलेच नाही. एकदा हलक्या हाताने धुवा, आणि पाणी मोजून घाला म्हणजे ओतावे लागणार नाही.

शुभ्रकण: ठीक, थायमिनपुरते मी मागे घेतो. पण तंतुमय भागाचे काय? तो तर कोंड्याबरोबर गेलाच.

साळवंत: गेला, हे मान्य. तिथे असडीच वरचढ आहे, आणि थायमिनही त्यात साधारणपणे अधिकच असते. माझा वाद फक्त उकड्याला पांढऱ्याच्या रांगेत बसवण्याशी होता.