फोटोत नुसती भिंत दिसते, तर उत्तर काय द्यायचं?

पांढरीभिंत: बेडरूमची भिंत गार लागते, बायको म्हणते ओल आहे. फोटो टाकला तर एकजण म्हणाला काहीच दिसत नाही, दुसरा म्हणाला लगेच वॉटरप्रूफिंग करा. यातलं बरोबर उत्तर कोणतं?

सरळबोल: पहिलंच. दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचं, उगाच ज्योतिष कशाला?

थापी: अर्धं बरोबर. 'दिसत नाही' म्हटलं की लोक 'ओल नाही' असं ऐकतात ना. मी असं लिहीन, पांढरी सपाट भिंत, डावीकडे स्विचबोर्ड, डाग नाही, पोपडे नाहीत, पण फोटो समोरून फ्लॅश मारून काढलाय, त्यात फुगवटा दिसतच नाही. लाइट बंद करा, मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि दुसऱ्या फोनने फोटो काढा, गिलावा फुगला असेल तर लगेच सावली पडते. स्कर्टिंगपासून वरचा हातभर भाग फोटोत आलाच पाहिजे. आणि भिंतीपलीकडे काय आहे ते विचारायचंच, बाथरूम असेल तर सगळा विषयच बदलतो.

मेगापिक्सेल: एवढं कशाला, व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सगळं दिसेल.

थापी: डॉक्युमेंटने बारीक तडा दिसेल हो, पण सपाट उजेडातला फुगवटा कितीही क्लिअर फोटोत येत नाही.

चाळकरी: आमच्या घरी फोटो बघूनच एकाने कोटिंग करायला लावलं, पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत हजर, पाणी तर वरच्या मजल्याच्या पाइपातून येत होतं!! म्हणून मी म्हणतो फोटोवर उत्तरच देऊ नका, माणूस पाठवा.

सरळबोल: माणूस पाठवायचे पैसे कोण देणार?

थापी: त्याआधी एक फुकटची टेस्ट सांगता येते की. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर दोन दिवस चिकटवायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल आतून येतेय, खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय, आणि मग वॉटरप्रूफिंगचा उपयोग नाही, खिडकी उघडा. डिस्टेंपर भुसभुशीत असेल तर टेप सुटते, मग टेस्टही फुकट. आणि कोरड्या दिवसात काही आलं नाही म्हणून पावसाळ्यातली ओल नाहीच असंही नाही.

मेगापिक्सेल: मग एवढं सगळं करायचंच, तर विचारणाऱ्याकडे फोटोच का मागायचा?

थापी: खार फुटला असेल तर फोटोतच कळतं, पांढरी पावडर, बोटाने पुसली जाते. पांढऱ्या रंगावर मात्र तीही फसवते.

पांढरीभिंत: आडवा टॉर्च मारला, स्कर्टिंगच्या वर वीतभर फुगवटा दिसतोय, बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं. पलीकडे बाथरूम नाही, जिना आहे. प्लॅस्टिक आज लावलं.

चाळकरी: जिन्यात पाणी कोण टाकतं ते बघा आधी.