मदत हवी आहे: अपघात भरपाईच्या तडजोड प्रस्तावात अपंगत्वाची टक्केवारी कोणती धरावी?

माझे ३८ वर्षांचे थोरले बंधू इमारतींचे रंगकाम करतात. वाहन अपघातात त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला असून शिडी चढता येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज वेळेत दाखल झाला आहे. आता विमा कंपनीला मागणीपत्र व तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा आहे.

उपचारखर्च, उपचारकाळातील बुडालेली मजुरी आणि वेदना हे मुद्दे बिलांसह मांडले आहेत. अडचण भावी उत्पन्नाच्या हानीची आहे. बँक नोंदींनुसार मासिक उत्पन्न १८,००० रुपये, म्हणजे वार्षिक २,१६,०००. स्वयंरोजगारी आणि चाळिशीच्या आतले म्हणून ४० टक्के वाढ धरून ३,०२,४००. वयानुसार गुणक १५, म्हणजे ४५,३६,०००. (ते हयात असल्याने वैयक्तिक खर्चाची वजावट केलेली नाही.)

प्रमाणपत्रात पायाचे अपंगत्व ४० टक्के आहे. कंपनीचे अधिकारी संपूर्ण शरीराचे २० टक्के धरून ९,०७,२०० रुपये म्हणतात. मात्र राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालानुसार कमाईच्या क्षमतेवरील परिणाम पाहावा लागतो, आणि शिडीविना हा व्यवसाय चालत नाही.

तेव्हा कमाईतील घट ४० टक्क्यांहून अधिक मागायची असल्यास डॉक्टरांच्या साक्षीखेरीज कोणता पुरावा जोडावा, आणि ‘हक्क अबाधित ठेवून’ असे लिहून तडजोडीत कमी रक्कम सुचवली, तर ती पुढे न्यायाधिकरणात आमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते का?