पीएच मीटर बिघडून प्रॅक्टिकल राहिलं, तर मेल कसा लिहावा?

सोलापुरात बीएस्सीची जर्नलं सर्टिफाय होत आली आहेत आणि बऱ्याच जणांचं पीएच-मेट्रिक टायट्रेशन मीटरपायी राहिलंय. लॅब समन्वयकांकडे पुन्हा स्लॉट मागताना मेलमध्ये काय हवं? अनुभवी लोकांनी लिहावं.

ब्युरेट_स्टँड: 'मीटर खराब होता' एवढ्यावरून समन्वयकांना काहीच ठरवता येत नाही. बफरमधली रीडिंगं द्या. इलेक्ट्रोड धुऊन आधी ७ च्या, मग ४ च्या बफरमध्ये बुडवा. दोन्हीकडे ७ च्या आसपासच आकडा आला, तर काचेचा फुगा तडकलेला असतो किंवा केबल शॉर्ट असते. मग दुसरा इलेक्ट्रोडच लागतो. आकडा बदलतो पण स्थिर होत नाही, सरकतच राहतो, तेव्हा फुगा बहुधा सुकलेला असतो. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये रात्रभर ठेवला की बरेचदा सुधारतो. म्हणजे एका बाबतीत स्लॉट उद्याही मिळेल, दुसऱ्यात नवा इलेक्ट्रोड येईपर्यंत थांबावं लागेल. नमुना देतो:

> विषय: पीएच-मेट्रिक टायट्रेशन अपूर्ण, पुन्हा स्लॉट मिळण्याबाबत (एसवाय, बॅच ब)
>
> आदरणीय मॅडम,
> आज टेबल ३ वरच्या मीटरने ७ च्या बफरमध्ये ७.० आणि ४ च्या बफरमध्ये ६.९ दाखवले. इलेक्ट्रोड धुऊन पुन्हा पाहिले, आकडे तेच आले. लॅब असिस्टंटना लगेच दाखवून रजिस्टरमध्ये नोंद केली. तिचा फोटो जोडला आहे. आम्हा चौघांचे टायट्रेशन राहिले आहे, सोड्याचे स्टँडर्डायझेशन झाले आहे. दीड तास पुरेल. बुधवारी दुपारी किंवा शनिवारी सकाळी स्लॉट मिळावा, ही विनंती. रोल नंबर खाली दिले आहेत.

उन्हाळी_बॅच: हे आपल्याकडच्या उन्हामुळे होतं. लॅबमध्ये ३८ अंश आणि तापमानाचा नॉब २५ वर. नॉब फिरवला की झालं, मेलची गरजच नाही.

ब्युरेट_स्टँड: नॉब चुकीचा असतो हे खरं, पण तेवढ्याने इतका फरक पडत नाही. एका पीएचमागे २५ अंशांना ५९ मिलिव्होल्ट मिळतात, ३८ ला सुमारे ६२. त्याने ४ चं ३.९ होईल, ६.९ नाही. तरी नॉब कितीवर होता तेही मेलमध्ये लिहा, म्हणजे ती शंका उरत नाही.

अक्कलकोटकर: एसटी चुकल्याने प्रॅक्टिकल बुडालं तर हाच मेल चालेल का?

जर्नल_पूर्ण: नाही हो, ती गैरहजेरी झाली. त्याचा अर्ज वेगळा करा. वरच्या नमुन्यात मात्र एक बदल हवा. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं. स्लॉट आठवड्याने मिळाला तर जुनी नॉर्मॅलिटी धरता येत नाही, पुन्हा स्टँडर्डाइझ करावं लागतं. म्हणून अडीच तास मागा. 'त्या दिवशीची हजेरी धरावी' हेही लिहा.

ब्युरेट_स्टँड: वेळेचं मान्य. हजेरीचं त्याच मेलमध्ये नको. ते विभागप्रमुखांकडे जातं आणि स्लॉट अडकून राहतो.

जर्नल_पूर्ण: पण नंतर मागितली तर मस्टर बंद झालेलं असतं.