मदत हवी आहे: गॅझेटात न आलेलं परिपत्रक आम्हांला लागू होतं का?

माडाची सावली: पेडणे तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. गेल्या आठवड्यात एका खात्याचा माणूस एका पानाची झेरॉक्स देऊन गेला. खोलीमागे नवीन शुल्क, तेही गेल्या एप्रिलपासून, पंधरा दिवसांत भरा म्हणे. जावक क्रमांक, सही, शिक्का सगळं आहे, गॅझेटचा उल्लेख मात्र नाही. आई घाबरलीय. काय करू?

खाडीपलीकडे: भरून मोकळे व्हा. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. मुंबईत विमानात सोन्यासह सापडलेल्या परदेशी प्रवाशाला सुप्रीम कोर्टाने १९६४ साली हेच सांगितलं होतं.

फोंड्याची वैनी: गॅझेटचं काम खूप रेंगाळतं हो. माझं नाव बदलल्याचं छापून यायची वाट बघत मी बँकेत चार खेपा घातल्या. तुम्ही जाहिरात दिली का?

जुना कारकून: वैनी, ते वेगळं. इथे सरकारचा नियम छापला गेला का, हा प्रश्न आहे.

खाडीपलीकडे, त्या खटल्यातली अधिसूचना गॅझेटात आलेली होती, म्हणून त्या प्रवाशाची सबब टिकली नाही. उलट जयपूर संस्थानाने अफूचा कायदा मंत्रिमंडळाच्या ठरावाने केला आणि कुठेच प्रसिद्ध केला नाही. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये त्याखालची शिक्षा रद्द केली. लोकांना कळूच दिलं नाही, तर पाळायचं कसं?

आणि आपल्या गोव्यातलंच उदाहरण आहे. भरतीरेषेजवळची हॉटेलं पाडायची होती, आधार होता पंतप्रधानांचं १९८१ चं पत्र आणि १९८३ ची मार्गदर्शक तत्त्वं. ती रीतसर जारी झाली नव्हती, गॅझेटातही नव्हती. ती कायदा नव्हेत, असा निकाल २०१४ मध्ये लागला. पण म्हणून आज किनाऱ्यावर काहीही बांधता येईल असं समजू नका, १९९१ पासूनचे किनारा नियम अधिसूचित आहेत.

परिपत्रकात कुठल्या कलमाचा आधार दिलाय?

माडाची सावली: कलम दिलंय. मूळ कायदा काढून वाचला. "विहित करण्यात येईल असे शुल्क" असं आहे.

जुना कारकून: मग शुल्क नियमांनी ठरायला हवं, आणि नियम गॅझेटात. पणजीच्या सरकारी मुद्रणालयाच्या साइटवर जुने अंक मिळतात. नियम पहिल्या मालिकेत येतात. दर गुरुवारचा अंक असतो, पण विशेष अंक कधीही निघतो, तेही बघा. सापडला, तरी एप्रिलपासूनची मागणी तपासा. मूळ कायद्याने तसा अधिकार दिलेला नसेल तर नियम मागच्या तारखेने लावता येत नाही.

खाडीपलीकडे: आणि खात्याच्या साइटवर टाकलेलं असेल तर?

जुना कारकून: प्रसिद्धी कशी करायची हे मूळ कायदाच सांगत नसेल, तर रूढ असलेला दुसरा मार्गही कोर्ट मान्य करू शकतं. निव्वळ साइट पुरेल का, हे मी छातीठोक सांगणार नाही. आणि परवान्याच्या अटींवर सही केली असेल, तर त्या अटी आधी वाचा.

माडाची सावली: परवान्यात शुल्काचा शब्दही नाही. गेल्या वर्षभराचे अंक चाळले, काही सापडलं नाही, विशेष अंक अजून बघायचेत. उद्या लेखी अर्ज देते: गॅझेटची मालिका, क्रमांक आणि तारीख कळवा. पोच घेऊन येते.