‘सा मास कोरडे’ म्हणजे नेमकं काय?

सुमेधा

आमच्या रत्नागिरीकडच्या घरी देवघराच्या फळीवर एक मोडी पत्र होतं. पणजोबांच्याही आधीच्या पिढीतल्या एका मुलानं मुंबईहून आईवडिलांना लिहिलेलं. म्हणजे लिहवून घेतलेलं, कारण तळाशी सहीऐवजी निशाणी आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढंच सांगत आले की तो मिरजेला कामाला गेला, तिथलीच मुलगी केली आणि परत आला नाही. मोडी शिकायला लागल्यापासून मी ते पत्र जमेल तसं लावते आहे. नावं गाळून वाचन देते:

“तीर्थरूप मातोश्री व वडील यांचे सेवेसी, अपत्ये अमुकने चरणी मस्तक ठेवून शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम तागाईत श्रावण वद्य पंचमी मुक्काम मुंबई बंदर सुखरूप असो. मिरीच बेटी उसाचे कामास जाणे ठरले. पाच सालांची बोली. दरमाहे रुपये पाच, पैकी एक परतीचे भाड्यास कापणार. शिधा व धोतरे दोन कांबळी दोन साहेबाकडून. उचल तीस, हाती सतरा. पैकी बारा तांडेलाचे हाती पाठविले, ते सावकारास द्यावे. सा मास कोरडे. सातवे मासापासून धाडीत जाईन. पाडी विकू नये. बहुत काय लिहिणे, हे विनंती.”

शकाचा आकडा नाही. माझा प्रश्न ‘सा मास कोरडे’चा आहे. सा म्हणजे सहा, हे कळलं. पण कोरडे काय? आणि ‘मिरीच’ मी बरोबर वाचलंय का?

बाळकृष्ण

कोरडा म्हणजे चाबूक. कोरडे ओढणे, कोरडे मारणे हे शब्द जुन्या कागदांत सर्रास येतात. मिरीच म्हणजे मॉरिशस, आणि तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजुरांना मारहाण होत असे हे उघड आहे. बिचाऱ्यानं आईला सांगितलंय की सहा महिने कोरडे खावे लागतील. मला तरी यात शंका वाटत नाही.

मोडीवाचक

बाळकृष्णकाका, मारहाण व्हायची हे खरं, आणि कोरड्याचा तो अर्थही खरा. पण हा माणूस अजून जहाजात चढलेला नाही. मुंबई बंदरात बसून सहा महिने मार बसणार आणि सातव्या महिन्यापासून बसणार नाही, हे तो कशाच्या आधारावर सांगेल? शिवाय चाबकाचा कोरडा क्रियापद घेऊन येतो. ओढले, मारले, बसले, असं काहीतरी लागतं. इथे तो नुसता उभा आहे आणि मागेपुढे सगळा पैशांचा हिशेब आहे. उचल, हाती, पैकी, सावकार, आणि पुढचं वाक्य ‘धाडीत जाईन’. शब्दाचा अर्थ शेजारच्या वाक्यांतून काढावा.

अनघा

कोरडा पगार असतो ना? म्हणजे जेवणखाण न देता नुसता रोख पगार. माझी आजी गड्याबद्दल विचारायची, “जेवून की कोरडा?” मग सहा महिने शिधा नाही, नुसते पैसे, असं असेल.

मोडीवाचक

अनघाताई, हा अर्थ जास्त जवळचा आहे, पण इथे उलटा पडतो. शिधा साहेबाकडून, असं वरच लिहिलंय. म्हणजे अन्न आहेच. मग नाही काय? रोकड नाही. अन्न मिळेल, हातात दमडी पडणार नाही, असे सहा महिने. माझ्या मते कोरडे इथे ‘पैशाचा ओलावा नसलेले’ या अर्थी आहे आणि त्याचं कारण ‘उचल’ या शब्दात आहे.

शिवाजी (बीड)

उचल हा शब्द वाचला आणि थांबलो. माझे आईवडील वीस वर्षं ऊसतोडीला जात होते. मुकादम दसऱ्याच्या आधी घरी येऊन उचल द्यायचा आणि तिथूनच आमचा हंगाम सुरू व्हायचा. उचल ही मजुरीच असते, फक्त आधी दिलेली. कारखान्यावर रोज कोयता चालतो, टनाचा हिशेब लिहिला जातो, पण पैसे हातात येत नाहीत, कारण ते आधीच येऊन आजारपणात नाहीतर लग्नात गेलेले असतात. आई म्हणायची, “फिटेपर्यंत आपण आपल्यासाठी तोडत नाही.” या पत्रातल्या पोरानं तेच लिहिलंय. त्यालाही ऊसच लागावा, याचं वाईट वाटलं.

आणि तीसपैकी सतराच हाती का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तेरा मधल्या माणसांनी घेतले.

मोडीवाचक

शिवाजीभाऊंनी गाठ सोडवली. हिशेब मांडून बघा. दरमहा पाच, सहा महिन्यांचे तीस. ‘उचल तीस’ आणि ‘सा मास’ एकमेकांना चपखल बसतात. सहा महिन्यांचा पगार आगाऊ देण्याची ही पद्धत माहितीची आहे. 1834 मध्ये ‘ॲटलस’ जहाजानं कलकत्त्याहून 36 मजूर मॉरिशसला नेले. त्यांच्या करारातही महिना पाच रुपये, शिधा, कपडे आणि परतीच्या भाड्यासाठी दरमहा एक रुपया राखून ठेवणं, अशीच कलमं होती. सुमेधाताईंच्या पत्रातली धोतरं-कांबळीही त्याच घडणीची आहेत.

तेरा रुपयांबद्दलही शिवाजीभाऊंचा अंदाज पटतो. या भरतीवर ओरड झाली तेव्हा कलकत्त्यात 1838 मध्ये चौकशी समिती बसली. आगाऊ रकमेतला मोठा वाटा दफादार आणि दलाल खातात, हे तिच्यासमोर आलं.

गणेश सावंत

सगळे मॉरिशस मॉरिशस म्हणताहेत, पण वाचन मिरज असेल तर? घरची आठवणही मिरजेचीच आहे. कृष्णाकाठी ऊस होतोच. आणि ‘बेटी’ म्हणजे मुलगी. तिथली मुलगी केली, ही घरची गोष्टही जुळते.

सुमेधा

गणेशदादा, हेच मला छळतंय. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी वेगळी नसते आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. ‘मिरिचबेटिउसाचे’ अशी एकच ओळ आहे. पण र वर वेलांटी स्पष्ट आहे आणि शेवटचं अक्षर मला तरी च दिसतं.

मोडीवाचक

र वर वेलांटी असेल तर मिरज गेलंच. पण अक्षर बाजूला ठेवा आणि वाट बघा. रत्नागिरीकडचा माणूस मिरजेला जायचा तो आंबा घाट चढून. तो मुंबई बंदरात कशाला उतरेल? मिरजेहून परत यायला जहाजाचं भाडं कोण कापून ठेवेल? आणि बेटी ही मुलगी नव्हे. ती सप्तमी आहे. घर, घरी. गाव, गावी. बेट, बेटी. मिरीच बेटी म्हणजे मिरीच नावाच्या बेटावर. पुढे कधीतरी कुणीतरी ते पत्र वाचताना मिरीचचं मिरज केलं, बेटीची मुलगी केली आणि तिचं त्याच्याशी लग्न लावून दिलं. मला वाटतं घरची गोष्ट या दोन शब्दांतूनच जन्मली.

मिरीच हे नाव भोजपुरी मजुरांच्या तोंडीही होतं. डचांनी 1598 मध्ये बेटाला मॉरिस राजपुत्राचं नाव दिलं. इंग्रजांनी 1810 मध्ये बेट घेतल्यावरही मळेवाले बहुतेक फ्रेंच राहिले आणि ते मोरीस म्हणत. मॉरिशसपेक्षा मोरीसवरून मिरीच होणं सोपं आहे. रामायणातल्या मारीचाशी लोकांनी जोडलेला संबंध नंतरचा.

वैशाली पाटील

एक शंका. करार केला तर पत्रात ‘गिरमिट’ हा शब्द हवा ना? हे लोक गिरमिटिये होते.

दत्ता सुतार

गिरमिट म्हणजे भोक पाडायचं हत्यार. आमच्या घरात अजून आहे, आजोबांचं. त्याचा मजुरांशी काय संबंध?

मोडीवाचक

दत्ताभाऊ, तुमचं गिरमिट वेगळं, ते सुताराचंच. वैशालीताई म्हणतात ते ‘ॲग्रीमेंट’चं झालेलं गिरमिट. ते मुख्यतः नाताळ आणि फिजीकडे रुळलं. नाताळला मजूर 1860 पासून गेले, फिजीला 1879 पासून. आपलं पत्र त्याआधीचं वाटतं, म्हणून त्यात साधी ‘बोली’ आहे.

आधीचं का, ते सांगतो. 1838-39 मध्ये ही भरती बंद केली गेली. 1842 च्या सुमारास मॉरिशससाठी ती पुन्हा सुरू झाली तेव्हा करार बेटावर पोचल्यावर आणि थोड्या मुदतीचे होऊ लागले. पाच वर्षांची मुदत 1860 नंतर परत आली, पण तोवर परतीच्या प्रवासाची सोय काढून टाकली होती. ‘पाच सालांची बोली’ आणि ‘परतीचे भाड्यास’ हे दोन्ही एकत्र आले की मी 1834 ते 1838 म्हणेन.

अनघा

पण तो स्वतः करार वाचत नव्हता. मुकादमानं सांगितलं ते लिहवलं. परतीचं भाडं खोटंच सांगितलं असेल तर पत्र नंतरचंही असू शकतं.

मोडीवाचक

असू शकतं. हे मला खोडता येत नाही.

शिवाजी (बीड)

मी एक हिशेब केला. दरमहा एक रुपया परतीचा कापला तर हाती चारच राहतात. तीस रुपये चाराच्या हिशेबानं फिटायला साडेसात महिने लागतात. पोरानं सहा लिहिलेत. म्हणजे त्याला कुणीतरी पाचाच्या हिशेबानं सांगितलं, नाहीतर पहिले सहा महिने तो रुपया कापणार नव्हते. आमच्याकडे पहिल्या गोष्टीचा अनुभव जास्त आहे.

मोडीवाचक

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यात आणखी एक. मॉरिशसच्या मळ्यांवर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापत. ‘डबल कट’ या नावानं तो नियम कुप्रसिद्ध झाला. वेठीच्या सहा महिन्यांत कुणी तापानं पंधरा दिवस पडला तर महिना गेला. सातव्या मासाचं वचन त्यानं खरेपणानं दिलं असणार, पण ते पाळणं त्याच्या हातात कितपत होतं, ते या आकड्यांवरून दिसतं.

वैशाली पाटील

सुमेधा, मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे तिकडे उतरलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचं नाव आणि गाव लिहून विचार. इंग्रज-फ्रेंच कारकुनांनी नावं कानाला लागतील तशी लिहिलेली असतात, त्यामुळे चार-पाच स्पेलिंग देऊन ठेव.

सुमेधा

पत्र लिहिते. आज आत्याला फोन करून ‘सा मास कोरडे’चा अर्थ सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे तो बायकोपायी राहिला नव्हता तर.”

एक शेवटचं विचारायचं राहिलं. ‘पाडी विकू नये’. मी पाडी म्हणजे गाईची कालवड धरली. पण आज भिंग लावून पाहिलं तर पा आणि डी यांच्या मध्ये शाई पसरली आहे, आणि तिथे र असेल तर ती पारडी, म्हैस होणारी. सावकाराला बारा रुपये देऊन जे जनावर राखायचं होतं ते कोणतं?

शिवाजी (बीड)

कोणतीही असो, दोन-तीन वर्षांत दुभती झाली असती. म्हणून तर विकू नका म्हणतोय.