केकच्या तळाला बटर पेपर चिकटतोय, पार्चमेंट घेऊ की सिलिकॉन मॅट?

कणीक_ते_केक
२८ लिटरचा ओटीजी आहे, मी कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक करते. टिनच्या तळाला किराणा दुकानातून आणलेला बटर पेपर गोल कापून घालते, आणि केक उलटा केला की खालचा थर कागदाबरोबर सोलून निघतो, मग क्रीम लावून झाका. आता दिवाळीला नानकटाई करायची आहे आणि अधूनमधून भाज्याही भाजते. ऑनलाइन बघितलं तर पार्चमेंट, बटर पेपर, सिलिकॉन मॅट, फॉइल सगळंच "बेकिंगसाठी उत्तम" असं लिहिलंय. एकच गोष्ट घ्यायची झाली तर काय घेऊ?

स्वाती_डोंबिवली
अगं बटर पेपर आणि पार्चमेंट एकच असतं, फक्त पॅकिंग भारी म्हणून किंमत जास्त. तू कागदाला तेल लावत नसशील. मी दोन्हीकडून ब्रशने तेल लावते, कधी चिकटत नाही. उगाच खर्च करू नकोस.

मिरजेचा_भट्टीवाला
स्वातीताई, तेलाचं बरोबर आहे पण एकच असतं हे नाही. आमच्या बेकरीत दोन्ही लागतात म्हणून सांगतो. दुकानात सुटा मिळणारा बटर पेपर म्हणजे बहुतेक वेळा तूप-तेल झिरपू न देणारा साधा कागद, त्यावर कोटिंग नसतं. तो मिठाई, बर्फी, सँडविच गुंडाळायला बनवलेला. पार्चमेंटवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून त्याला काही चिकटत नाही. गोंधळ असा की पार्चमेंटच्या पाकिटावरही बरेचजण मोठ्या अक्षरात बटर पेपरच छापतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, पाकिटावर सिलिकॉन कोटेड आणि ओव्हनचं तापमान लिहिलंय का तेवढं बघा. तापमानच लिहिलं नसेल तर तो कागद ओव्हनसाठी नाही असं धरून चाला.

कणीकताई, तुमच्याकडचा कागद कोणता ते घरीच कळेल. त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. कोटेड असेल तर थेंब मोत्यासारखा गोल राहतो, पुसला की खाली कागद जसाच्या तसा. साधा असेल तर तिथे कागद ओला होऊन सुरकुततो. आणि नखाने खरवडून पांढरा चुरा निघाला तर तो मेणाचा, तो ओव्हनमध्ये अजिबात नको, मेण वितळून धूर होतो आणि वास केकला लागतो.

कणीक_ते_केक
केलं दादा. चुरा नाही निघाला पण थेंबाखाली कागद फुगून सुरकुतला. म्हणजे साधाच ना? पण मी तेल लावते की, मग का चिकटतं?

मिरजेचा_भट्टीवाला
हो, साधा. तेल बहुतेक खालच्या बाजूला, कागद टिनला बसावा म्हणून लावत असाल, वरून कोरडा राहतो. कंडेन्स्ड मिल्कच्या केकला साखर आणि दूध भरपूर, तळाशी ते ओलं असताना कागद ती ओल शोषून घेतो आणि मग साखर त्याच्या तंतूंत बसून गोंदासारखी आवळते. आधी टिनला तेल, त्यावर कागद, मग कागदाच्या वरच्या बाजूलाही तेल नाहीतर लोणी नीट सगळीकडे. दुसरं म्हणजे केक टिनमध्ये पूर्ण गार होऊ देऊ नका, वाफ तळाशी साचते. बाहेर काढल्यावर साधारण १० मिनिटांनी उलटा करा आणि कोमट असतानाच कडेकडून हळूहळू कागद सोला, सरळ वर ओढू नका. तरी चिकटलाच तर कागदावर ओला पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटं ठेवा, सुटतो. हे केलं तर आहे तो गठ्ठा वाया जाणार नाही.

निरंजन_ठाणे
मी तर एअर फ्रायरमध्ये प्रीहीट करताना पार्चमेंट आत ठेवला, पंख्याने उडून वर कॉइलला लागला आणि एका कोपऱ्याचा कोळसा. यात कोणता पेपर घेऊ?

मिरजेचा_भट्टीवाला
पेपर कोणताही घ्या, रिकामा आत ठेवायचा नाही, वर पदार्थाचं वजन हवं. ओटीजीतही टिनच्या वर आलेला कागद कापून टाका, वरचा रॉड जवळ असतो आणि तिथे डायलवर दाखवतो त्याहून जास्त गरम असतं.

मालतीकाकू
आमच्या वेळी वर्तमानपत्राला तूप लावून भट्टीवर नानकटाईचे पत्रे द्यायचो, काही बिघडलं नाही हो कुणाचं.

स्वाती_डोंबिवली
काकू तेव्हाचं जाऊ द्या, शाई पोटात जाते. एफएसएसएआयने २०२३ मध्ये वडेवाल्यांना पण सांगितलंय वर्तमानपत्र वापरू नका म्हणून.

अंजू_पणजी
नानकटाईला सिलिकॉन मॅट घे ग, धुवायची आणि परत वापरायची, कचरा नाही. माझी बरीच वर्षं टिकलीय. फक्त कांदा-लसूण भाजल्यावर वास राहतो थोडा, बिस्किटाला येतो.

मिरजेचा_भट्टीवाला
मॅट चांगली, पण नानकटाईला मी नाही घेत. पत्रा आणि पीठ यांच्यात तो जाड थर आला की खालून आच कमी पोचते, वरून झालेली दिसते पण उलटी केली तर तळ पांढरट आणि मऊ. नानकटाईत तूप इतकं असतं की नुसत्या पत्र्यावरही चिकटत नाही, पत्र्याला वरून तूप लावलं तर उलट पसरते. माझी पद्धत अशी, पत्र्यावर पार्चमेंट, गोळे अंतर ठेवून, १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, तळ फिकट बदामी झाला की बाहेर. गरम असताना हात लावू नका, भुगा होतो, पाच-दहा मिनिटं पत्र्यावरच. पुढचा घाणा दुसऱ्या कागदावर आधीच मांडून ठेवा, पण पत्रा गार झाल्यावरच त्यावर सरकवा, नाहीतर गरम पत्र्यावर तूप आधी वितळून सगळ्या नानकटाया चपट्या.

मॅट घेतलीत तर माप बघून घ्या. ट्रेपेक्षा मोठी आली म्हणून कापायची नाही, बऱ्याच मॅटच्या आत काचेच्या धाग्याची जाळी असते, कापली की धागे उघडे पडतात. त्यावर सुरीही नको.

अंजू_पणजी
तळ पांढरा राहतो खरा, मी दोन-तीन मिनिटं जास्त ठेवते. पण चिक्कीला आणि कॅरॅमलला मॅटच.

मिरजेचा_भट्टीवाला
त्याला मान्य.

निरंजन_ठाणे
फॉइलचं कुणी बोललंच नाही. चकचकीत बाजू आत ठेवायची ना, उष्णता परत जाते म्हणून?

स्वाती_डोंबिवली
हो, चकचकीत आतच.

मिरजेचा_भट्टीवाला
घरच्या ओव्हनमध्ये काही फरक पडत नाही, कोणतीही ठेवा. एक बाजू चकचकीत होते ती कारखान्यात लाटताना रुळाला लागते म्हणून. फॉइल केकच्या तळाला घालू नका, चिकटेल आणि फाटून तुकडे राहतील. तिचा उपयोग वरून. केक वरून तपकिरी झाला आणि आत सुरी घातली तर ओली येते, तेव्हा वर सैल छपरासारखी टाका, पण केकचा वरचा भाग घट्ट झाल्यावरच, आधी टाकली तर वरचा थर तिलाच चिकटतो. भाज्या ट्रेवर भाजताना चालेल, पण टोमॅटो, लिंबू, दही लावलेलं असेल तर खाली पार्चमेंट, आंबटाने फॉइलला बारीक भोकं पडतात आणि धातूची चव येते. रॉडला लागू देऊ नका.

सुखदा_औंध
आणि बटर पेपर फेकू नका हां! काजूकतलीला दोन कागदांच्या मध्ये तुपाचा हात लावून लाटायला त्याच्यासारखं काही नाही.

कणीक_ते_केक
मग पार्चमेंटच घेते, आहे तो बटर पेपर काजूकतलीला. एकच विचारायचं राहिलं, पार्चमेंट एकदाच वापरायचा की परत चालतो?

अंजू_पणजी
नानकटाईचा मी पुसून परत वापरते, तुटायला लागला की टाकते.

मिरजेचा_भट्टीवाला
आम्ही बिस्किटाचा दोन-तीनदा फिरवतो. केकचा मात्र एकदाच.

मालतीकाकू
एकदाच वापरून टाकायचा म्हणजे महाग नाही का पडत?