मदत हवी आहे: वर्गाच्या ग्रुपवरचं स्टिकर कसं थांबवावं?

सोलापुरातल्या एका शाळेत नववीच्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गड्डा यात्रेतल्या फोटोतून एका मुलाचा चेहरा कापून कुणीतरी स्टिकर केलंय. खाली लिहिलंय 'शेंगाचटणी', कारण त्याच्या गालांवर लाल पुटकुळ्या आहेत. मुलं म्हणतात, "तो स्वतःच हसतो की!" हसणारच. चिडला तर चिडक्या चेहऱ्याचं दुसरं स्टिकर तयार होईल. त्याचं हसणं म्हणजे होकार, असं धरलं जातं, तिथंच घोळ आहे. तोंडी थट्टा विरून जाते; हे मात्र त्यानं गृहपाठ विचारला तरी उत्तरात येतं. आता त्यानं डीपी काढलाय, आणि फोटो काढताना हात गालावर जातो.

ॲडमिननं ग्रुपवरून डिलीट केलं, तरी ज्यांनी फेव्हरिटमध्ये ठेवलंय त्यांच्याकडे ते राहतंच. म्हणजे प्रत्येकानं आपापल्या फोनमधून काढायला हवं. पण वर्गासमोर सांगितलं, तर सगळ्यांच्या नजरा त्याच्याच गालांवर जातील. म्हणून बनवणाऱ्याशी आणि सारखं पाठवणाऱ्यांशी एकेकट्यानं बोलायचं ठरतंय.

समुपदेशक आणि शिक्षकांनी कृपया सांगावं: त्याआधी त्या मुलाला विचारावं का? आणि विचारायचं तर कोणत्या शब्दांत? "मनावर घेऊ नकोस" सोडून.